पोळी, ३४ ग्रॅम

परवा संध्याकाळी अप्पा माझ्या दारात आले, पिशवीतून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, चपलांच्या स्टँडवर मांडला आणि त्यावर माझीच दुपारची पोळी ठेवली. फॉइलमध्ये जपून आणली होती.

"एकतीस," अप्पा म्हणाले. "गेल्या दिवाळीत चौतीस होती. नोंद आहे."

नोंद खरंच होती. डायरीत तारीखवार: पोळी, वरणाचा दाटपणा (पातळ / बरा / उत्तम) आणि "शेरा". बावीस मार्चला शेरा होता, "भाजीत बटाटा बहुमतात."

कोथरूडमध्ये मी अकरा वर्षं डबे देते. सध्या बेचाळीस. तीन वर्षं भाव नव्वदवरच होता. तेल वाढलं, गॅस वाढला, पोळ्यावाल्या बाईंनी पोळीमागचा दर वाढवला. मी फक्त पोळी बारीक केली. भाववाढच ती, पण भित्र्याची. लोकांना कळत नाही असं मला वाटत होतं. घरोघरी वजनकाटे असतात हे लक्षातच आलं नाही.

शेवटी भाच्याने हिशेब मांडला. नव्वदातले बहात्तर डब्यागणिक जातात, उरतात अठरा. एकशेपाच केले तर उरतील तेहेतीस. आज बेचाळीस डब्यांवर दिवसाला ७५६ सुटतात, तेवढे मग तेवीस डब्यांतच सुटतील. "मावशी, एकोणीस जण गेले तरी तुझं काही बिघडत नाही!"

या वाक्यावर मी पाव तास वाघीण होते. मग विचार आला, कोणते एकोणीस? अप्पांच्या इमारतीत अकरा डबे आहेत, एका खेपेत जातात. ते गेले तरी डबे पोचवणाऱ्या पोराचा पगार तेवढाच. आणि डॉक्टरीणबाई? चार डबे, एक तारखेला सकाळी नऊच्या आत महिन्याचे पैसे आगाऊ. माझा किराणा त्यांच्या पैशांवर भरतो. त्यांना आधी स्वतंत्र फोन करून सांगायला हवं होतं. मी काय केलं? पंचवीस तारखेला सगळ्यांच्या ग्रुपवर भलामोठा मेसेज टाकला. त्यात कांद्याचे भाव, हात जोडलेल्या सहा बाहुल्या आणि तीनदा "क्षमस्व". इतकी माफी मागितल्यावर कोणालाही वाटणारच की बाईने काहीतरी गुन्हा केलाय.

तर अप्पा.

"तीन ग्रॅम कमी, पंधरा रुपये जास्त. हे दोन्ही बाजूंनी झालं, वहिनी."

"अप्पा, गॅसचा सिलिंडर..."

"सिलिंडर मी खात नाही. मी पोळी खातो."

"पोळी परत चौतीस करते."

"मग तर भाव जुनाच ठेवायला हवा. जुनी पोळी, जुना भाव."

यावर उत्तर असेल, पण मला संध्याकाळी साडेसातला, कुकरची तिसरी शिट्टी होत असताना सुचलं नाही. अप्पांचा डबा एकच. पैसे बारा तारखेला, सुट्टे, आणि नेहमी थोडे कमी. तरी मी म्हणाले, "बरं, तुम्हाला म्हणून पंचाण्णव. कुणाला सांगू नका."

सकाळी आठला ग्रुपवर पहिला मेसेज: "आम्हालाही अप्पांचा भाव." साडेआठपर्यंत अख्खी इमारत. अकरा डबे, दहा-दहा रुपये, सव्वीस दिवस, म्हणजे महिन्याला २,८६०. एका वजनकाट्यापायी.

मग डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच शांत.

"एकशेपाचला माझी काही हरकत नव्हती हो. मी भांडले नाही म्हणून मला जास्त का, एवढंच विचारायचं होतं."

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणारा गिऱ्हाईक राहण्यासाठीच भांडतो. अकरा वर्षांत जे सोडून गेले, त्यातल्या एकानेही आवाज चढवला नव्हता. "दोन दिवस डबा नको" म्हणाले आणि ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत.

मी काल रात्री ग्रुपवर दोनच ओळी लिहिल्या. पूर्ण डबा सगळ्यांना एकशेपाच, पोळी चौतीस ग्रॅमची. ज्यांना पंचाण्णवच द्यायचे आहेत त्यांच्यासाठी भाताशिवायचा डबा. कांदा नाही, बाहुल्या नाहीत. कमी पैसे तर कमी जिन्नस, हे इमारतीला चटकन कळलं. दहा जणांनी पूर्ण डबाच सांगितला. अप्पांनी लिहिलं, "पंचाण्णव. तत्त्वाचा प्रश्न आहे." डॉक्टरीणबाईंचे टिकमार्क निळे झाले, उत्तर आलं नाही.

आज एक तारीख. दुपारचे तीन वाजलेत. चार डबे सकाळी नेहमीसारखे पाठवले, पैसे आलेले नाहीत. वाण्याची यादी पर्समध्ये तशीच आहे. आत्ता फोन वाजला तेव्हा मी कणकेच्या हातानेच धावले.

अप्पांचा मेसेज होता: "पोळी पस्तीस. उत्तम. परंतु भात नाही, तर वरण कशात कालवावे?"