आत्मविश्वास कुठल्या गेजनं मोजला?

शिरोलीतल्या आमच्या मशीनशॉपला क्वालिटी इन्स्पेक्टर हवा होता. गडहिंग्लजहून एसटीनं एक पोरगा मुलाखतीला आला. डिप्लोमा, दीड वर्षाचा अनुभव. पंपाचं हाऊसिंग आणि त्याचं ड्रॉइंग पुढ्यात ठेवून मी विचारलं, हा ३५ एच७ चा बोअर कसा तपासशील?

त्यानं व्हर्निअर उचलला.

आता ३५ मिलिमीटरच्या बोअरला, म्हणजे भोकाला, एच७ म्हणजे मापात शून्य ते अधिक २५ मायक्रॉन एवढाच टॉलरन्स, एवढीच सूट. व्हर्निअरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, २० मायक्रॉन. त्याची एक रेघ सरकेपर्यंत टॉलरन्स संपत आलेला असतो. नाही म्हणायचं ठरलं.

एचआरच्या ताईंनी नेहमीचा मेल काढला: 'आपली प्रोफाइल उत्तम आहे, भविष्यात संधी आल्यास जरूर संपर्क करू.' मी म्हटलं, उत्तम आहे तर घेत का नाही? आणि हे वाचून पोरगा आपल्या फोनची वाट बघत बसेल त्याचं काय?

मग मी स्वतः लिहायला बसलो, ते त्याहून वाईट झालं. 'पाया कच्चा, आत्मविश्वास कमी.' ताईंनी त्यावर पेनानं गोल केला. "साहेब, आत्मविश्वास कुठल्या गेजनं मोजला?" गप्प बसलो. टेबलावर जे घडलं तेवढंच लिहायचं, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

शेवटी गेलं ते असं:

'या पदासाठी आम्ही तुमची निवड केलेली नाही. ड्रॉइंगवरची जिओमेट्रिक टॉलरन्सची चिन्हं तुम्ही न अडखळता वाचलीत. पण ३५ एच७ साठी व्हर्निअर निवडलात. साधन साधारण टॉलरन्सच्या दहाव्या भागापर्यंत वाचणारं लागतं. इथं मायक्रॉनचा डायल असलेला बोअर गेज मास्टर रिंगवर शून्य करून वापरावा; फक्त पास की रिजेक्ट एवढंच ठरवायचं असेल तर गो–नोगो प्लग गेज चालतो. आमच्याकडे सेकंड शिफ्टला इन्स्पेक्टर एकटाच असतो, शिकवायला कोणी नसतं, म्हणून हे पहिल्या दिवसापासून यायला हवं होतं.'

निर्णय पहिल्याच ओळीत, कारण माणूस आधी तेच शोधतो. ज्याला घेतलं त्याच्याशी तुलना नाही. 'संपर्कात राहू' नाही, कारण आम्ही राहणार नव्हतो. आणि खरं कारण पगाराचं किंवा आतल्याच माणसाला बढती दिल्याचं असेल, तर तेच सांगावं. उगाच पोराच्या कामात खोट काढू नये.

आमचे एक शेजारी कारखानदार म्हणतात, कारण दिलं की वाद वाढतो. वाढतो कधीकधी. मागं एकानं आम्हाला चार मेल पाठवले होते. पहिल्याला उत्तर दिलं, मग थांबलो.

या पोराचं उत्तर संध्याकाळी आलं. 'सर, आमच्या कंपनीत बोअर गेज कपाटात कुलूप लावून असतो. सुपरवायझरच काढतात. मास्टर रिंग मी अजून हातात घेतलेली नाही.'