व्याज मोबदल्यात मिसळू नका

सरकारने जमीन संपादित केली की अनेकजण म्हणतात, "मोबदला करमुक्त आहे, त्यामुळे विवरणपत्रात काहीच दाखवायला नको."

पहिला अर्धा भाग बरोबर. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 96 मुळे निवाड्याची रक्कम, सोलेशियम म्हणजे सक्तीच्या संपादनाबद्दल मिळणाऱ्या जादा रकमेसकट, करमुक्त आहे. पण कोर्टाने मोबदला वाढवून दिला की त्यासोबत उशिराचं व्याज येतं, आणि आयकर खातं ते वेगळं उत्पन्न धरतं. समजा खात्यात 40 लाख जमा झाले आणि त्यात व्याज 8 लाख आहे. निम्मं थेट वजा होतं, उरलेले 4 लाख करपात्र. व्याज दहा वर्षांचं असलं तरी ते पैसे हातात आले त्याच वर्षात धरायचं.

बँकेत एकच आकडा दिसतो, तिथेच माणूस फसतो. म्हणून भूसंपादन कार्यालयातून मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवणारा हिशेबाचा तक्ता मागून घ्या, मग 26AS, म्हणजे आयकर खात्याकडचा तुमच्या करकपातीचा तक्ता, उघडून कपात कोणत्या रकमेवर झाली ते ताडून पाहा. पुष्कळदा करमुक्त मुद्दलावरही टीडीएस कापलेला असतो, आणि विवरणपत्र भरल्याशिवाय तो परत मिळत नाही. पॅन दिलेला नसेल तर कपात 10 ऐवजी 20 टक्के होते.