सातव्या चहाचा हिशेब

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी देखभाल विभागात रुजू झाले, तेव्हा तिथे सहा पुरुष, तीन स्कूटर आणि एक बॉयलर असा संसार सुखाने चालला होता. त्यात मी साताऱ्याहून आलेली सातवी. साहेबांनी पहिल्याच दिवशी माझी ओळख करून दिली, सहाही जणांनी अतिशय आदराने माना डोलावल्या आणि बरोबर सव्वादहा वाजता सगळे गुप्त झाले.

हे गुप्त होणे मी पुढे तीन आठवडे अभ्यासले. त्यासाठी कोणी कोणाला हाक मारत नसे. आधी स्टोअरवाल्याच्या खिशात किल्ल्या वाजत, मग वेल्डर आपले हातमोजे टेबलावर ठेवी, कोणीतरी हलकेच ‘चल मरे’ म्हणे आणि मी रजिस्टरमधून मान वर काढीपर्यंत तिन्ही स्कूटर फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्याकडे वळलेल्या असत. एका स्कूटरवर दोन याप्रमाणे तीन स्कूटरवर सहा माणसे इतकी चोख बसत, की सातव्याला जागाच उरत नसे. शिवाय ‘मॅडम, माझ्या मागे बसा’ असे म्हणण्याचे धाडस त्या सहांपैकी एकातही नव्हते. माझी स्वतःची स्कूटर पार्किंगमध्ये उभी होती. पण न बोलावता चार हात मागे राहून पाठलाग करणे मला पोलिसी वाटे. मी आपली यंत्रातला चहा कागदी पेल्यातून घेई. त्या पेयाला चहा म्हणणे ही माझ्या आईच्या संस्कारांची कसोटी होती.

जेवणाची तऱ्हा आणखी निराळी. मी रुजू झाले तो सोमवार होता. सोमवारी सगळ्यांचेच डबे शिवराक, म्हणजे बिनमाशाचे, असल्यामुळे माझी दुधीची भाजी त्यांत खपून गेली. मंगळवारी मात्र मी बटाट्याची भाजी आणली, बुधवारी वांगे, आणि मंडळींनी परस्पर निकाल दिला की मॅडम मासे खात नाहीत. मग माझ्या सोयीसाठी, म्हणजे मला वास येऊ नये म्हणून, सगळे आपले माशांचे हुमण घेऊन खिडकीपाशी जाऊन बसले आणि मला पंख्याखालचे संपूर्ण टेबल बहाल झाले. दीडशेहून अधिक कामगार असतील तर जेवणाची खोली हवी, अडीचशेहून अधिक असतील तर कॅन्टीन हवे, इथपर्यंतचा विचार 1948 च्या कारखाने कायद्याने करून ठेवला होता. ‘बसा ना इथे’ हे कोणी म्हणायचे, याबद्दल मात्र त्यात एकही कलम मला सापडले नाही.

बॉयलर चालवणारे काका त्यांतले सर्वांत ज्येष्ठ. गावच्या जत्रेच्या नाटकात गेली कित्येक वर्षे ते राजाचे काम करत. आपापसांत सगळे कोंकणीत खदखदून हसत, मी जवळ गेले की हसणे थांबे आणि काका माझ्यासाठी राखून ठेवलेल्या नाटकी मराठीत विचारत, “मॅडम, आपले भोजन जाहले काय?” अशा प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर देता येते. त्यानंतर संभाषण पुढे न्यायचे तर तलवार तरी हवी.

इथवर सगळे सोसण्यासारखे होते. पण चहाच्या गाड्यावर नुसता चहाच होत नसतो, हे मला शटडाउनच्या वेळी कळले. बॉयलर शनिवारी बंद ठेवायचा असे बैठकीत ठरले होते. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तपासायचा तर बॉयलर थंड आणि आतला दाब शून्यावर हवा. वाफ कोंडलेली असताना त्याच्या बोल्टला पान्हा लावणे म्हणजे वर जाण्याचा जवळचा रस्ता. म्हणून मी शनिवारसाठी तपासणीवाल्याला मडगावहून बोलावले, यादी केली, परवानगीचे कागद भरले. गुरुवारी मला दिवसभराच्या प्रशिक्षणासाठी पणजीला पाठवले होते. शनिवारी सकाळी तपासणीवाला आपली पेटी घेऊन हजर झाला, तेव्हा बॉयलर दहा किलोच्या दाबावर ऐटीत वाफ सोडत उभा होता. बंद ठेवण्याचे काम गुरुवारीच उरकले होते, कारण शनिवारी काकांच्या नाटकाची तालीम होती.

“पण मला कोणीच कसे सांगितले नाही?” मी विचारले.

“सांगितले होते की,” स्टोअरवाला मनापासून चकित होऊन म्हणाला, “बुधवारी. सगळ्यांच्या समोर.”

“कुठे?”

“गाड्यावर.”

तपासणीवाल्याला त्याच्या फेरीचे पैसे आणि माझी माफी असे दोन्ही देऊन परत पाठवल्यावर मी ठरवले, की आता मान बाजूला ठेवायचा. सोमवारी किल्ल्या वाजताच मी त्यांच्याआधी स्कूटरवर बसले आणि गाड्यावर जाऊन त्यांची वाट पाहत उभी राहिले. मंडळींनी मला पाहून एकमेकांकडे पाहिले, बाकडे पुसून दिले आणि हवामानावर मराठीत बोलू लागली. मी एक चहा आणि एक बन्स घेतले, फोन काढला आणि माझे पस्तीस रुपये तिथल्या तिथे चुकते केले. सगळे एकदम गप्प झाले. मला वाटले, माझ्या स्वावलंबनाने ते भारावले असावेत.

ते भारावले नव्हते, हे समजायला मला आणखी आठवडा लागला. त्या टोळक्यात स्वतःपुरते पैसे कोणीच कधी देत नसे. आज वेल्डरने सगळ्यांचे दिले, तर उद्या स्टोअरवाला देणार. परवा काकांनी मिरचीभजी जास्तीची मागवली म्हणून तेरवा त्यांच्यावरच ओढवणार. हा हिशेब कुठे लिहिलेला नव्हता, तो कधीच जुळत नसे आणि जुळू नये अशीच सगळ्यांची इच्छा होती. कारण कोणाचे तरी कोणाकडे बाकी असल्याखेरीज उद्या पुन्हा यायला कारण काय? मी मात्र रोज पस्तीस रुपये मोजून, कोणाची एक पैशाची उधारी न ठेवता, रोज नव्याने परकी होऊन परतत होते.

माझी सुटका पावसाने केली. जूनमधल्या एका सकाळी गाड्यावर नेटवर्क गेले. माझ्या फोनवरचे चक्र फिरत राहिले, पर्समध्ये पाचशेची एकच नोट आणि गाडेवाल्याकडे सुटे नाहीत. काकांनी माझा फोन हाताने बाजूला सारला आणि राजाचा आवाज टाकून साध्या आवाजात म्हणाले, “रावूं दी बाय, पैशे मागीर दी.” म्हणजे राहू दे, पैसे नंतर दे.

‘मॅडम’ची ‘बाय’ झाली त्याच दुपारी जेवणाचा प्रश्नही सुटला. 1 जूनपासून 61 दिवस ट्रॉलरना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे डब्यांतून सुक्या सुंगटांचे, म्हणजे सुक्या कोळंबीचे, किसमूर येऊ लागले होते आणि त्याचा वास पंख्याखालच्या टेबलापर्यंत येण्याइतका समर्थ होता. मी उठून खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, “मी मासे खाते. पहिल्या दिवशी फक्त सोमवार होता.” काही क्षण कोणी बोलले नाही. मग वेल्डरने आपल्या डब्याचे झाकण उलटे करून त्यावर किसमूर वाढले, आणि गेला महिनाभर आपण खिडकीतल्या उन्हात उगाच का बसलो, यावरून सहा जणांत कोंकणीत जे भांडण पेटले, ते मला निम्मेही कळले नाही. पण ते थांबवून कोणी माझ्यासाठी मराठी बोलले नाही, याचा मला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला किल्ल्या माझ्या टेबलापाशी येऊन वाजल्या. “आयज बिल तुजें,” स्टोअरवाला म्हणाला. सात चहा, सात बन्स आणि काकांची जास्तीची मिरचीभजी मिळून दोनशे पंच्याऐंशी रुपये झाले. पुढच्या शटडाउनची तारीखही तिथेच ठरली. ती मी बन्सच्या कागदावर लिहून घेतली. परतताना पाऊस आला. वेल्डरच्या मागे भिजत बसण्यापेक्षा काका माझ्या स्कूटरवर मागे बसले, आम्हा दोघांवर आपली छत्री धरली आणि पहिल्याच वळणावर त्यांचा जुना आवाज माझ्या कानाशी घुमला: “सारथ्य सावकाश करावे. पुढे खड्डा आहे.”