झोपताना गोळी आणि वर पेलाभर पाणी? अजिबात नाही

"मूल अंथरुणात शू करतं? डेस्मोप्रेसिनची गोळी झोपताना पेलाभर पाण्याबरोबर द्या. नैसर्गिक हार्मोन आहे, पूर्ण सुरक्षित. दोन-तीन दिवसांत फरक नाही पडला तर दोन गोळ्या, मग तीन. गोळी नसेल तर नाकातला स्प्रे तेच काम करतो. ताप-उलटी झाली तरी खंड पडू देऊ नका."

हा मेसेज वहिनींनी मला पाठवला, कारण आठ वर्षांच्या भाच्याला डॉक्टरांनी नुकतीच ही गोळी लिहून दिली आहे. त्यांनी आधी विचारलं हे बरं झालं.

पेलाभर पाण्यापासूनच सुरू करू. हे औषध मूत्रपिंडाला सांगतं की पाणी बाहेर सोडू नकोस. म्हणून रात्री लघवी कमी आणि दाट होते, अंथरूण कोरडं राहतं. पण गोळीचा अंमल असेपर्यंत प्यायलेलं पाणी अंगातच साठतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. हिशेब करून बघा. 25 किलोच्या मुलाच्या अंगात ढोबळमानाने 15 लिटर पाणी असतं आणि रक्तातलं सोडियम लिटरमागे 140 मिलिमोलच्या आसपास. एक पेला साठला तर ते 138 वर येईल, त्याने काही बिघडणार नाही, हे मान्य. पण वाढदिवसाच्या जेवणात सरबत, मग दूध, गोळीबरोबर पाणी, रात्री तहान लागली म्हणून परत पाणी, असं लिटरभर साठलं की सोडियम 131 वर उतरतं. निरोगी माणसाचं ते 135 च्या खाली जात नाही. आणखी उतरलं की मेंदूला सूज येते, फिट येते.

म्हणून नियम असा: गोळी घेण्याच्या एक तास आधी पिणं थांबवायचं आणि पुढचे आठ तास काही प्यायचं नाही. भाचा नऊला झोपतो. तेव्हा आठपर्यंत जेवण आणि पाणी आटपायचं, झोपायच्या आधी शू करून यायची, नऊला गोळी फक्त घोटभर पाण्याबरोबर, आणि मग पहाटे पाचपर्यंत काही नाही. दूध, सूप, रसाळ फळं हेही पाण्यातच मोजायचं. मात्र दिवसा भरपूर पिऊ द्यायचं. दिवसभर तहानलेलं मूल संध्याकाळी ढसाढसा पिणारच. आणि ज्या रात्री जास्त पिणं झालं, त्या रात्री गोळी द्यायचीच नाही. एक ओली चादर धुवावी लागेल, एवढंच.

याहून संताप आला तो ताप-उलटीच्या सल्ल्याचा. उलट्या-जुलाबात अंगातलं मीठ जातं आणि आपण मुलाला सतत काहीतरी पाजत असतो. त्यावर हे औषध द्यायचं? ताप, उलट्या, जुलाब यांत गोळी बंद, आणि मूल पूर्ण बरं होऊन नीट खाऊ-पिऊ लागेपर्यंत बंदच. रणरणत्या उन्हात खेळून किंवा पोहताना पाणी गिळून आलेल्या दिवशीही टाळावी. आयबुप्रोफेन किंवा फिट्सचं कार्बामाझेपिन चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, त्यांनी धोका वाढतो.

स्प्रेचं म्हणाल तर 2007 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने अंथरूण ओलं होण्यासाठी तो वापरायची परवानगीच काढून घेतली. डेस्मोप्रेसिन घेणाऱ्यांमध्ये सोडियम उतरून फिट आल्याच्या 61 नोंदी त्यांनी तपासल्या, त्यांतल्या 36 स्प्रेच्या होत्या. दोघे दगावले. असं असताना स्प्रे आणि गोळी एकच म्हणणं धोक्याचं आहे.

डोस वाढवण्याबद्दल: सुरुवात 0.2 मिलिग्रॅमच्या गोळीने होते. एक-दोन आठवडे बघून फरक नसेल तर डॉक्टर 0.4 करतात. दोन-तीन रात्रींत काही ठरत नाही, आणि ठरवायचं ते घरच्यांनी नाही. जिभेखाली विरघळणारी 120 मायक्रोग्रॅमची गोळी साधारण 0.2 मिलिग्रॅमच्या तोडीची असते, त्यामुळे नुसता आकडा बघून अदलाबदल करू नका. एखाद्या रात्री विसरलात तर दुसऱ्या रात्री दुप्पट देऊ नका.

'नैसर्गिक' हे अर्धंच खरं. शरीरातल्या हार्मोनच्या धर्तीवर बनवलेलं हे कृत्रिम औषध आहे. पाण्याचं पथ्य पाळलं तर सोडियम क्वचितच उतरतं, हेही खरं, आणि अनेक मुलांच्या रात्री त्याने कोरड्या जातात. तीन महिन्यांनी आठवडाभर थांबवून बघायचं, गरज उरली आहे का ते कळतं.

वहिनी, गोळी चालू असताना डोकं दुखणं, मळमळ, उलटी, एकाएकी वजन वाढणं किंवा नेहमीपेक्षा जास्त गुंगी दिसली तर पुढची गोळी नाही, जबरदस्तीने पाणी पाजणं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन औषधाचं नाव सांगा आणि रक्तातलं सोडियम तपासून घ्या. फिट आली किंवा मूल नीट जागं होत नसेल तर थेट रुग्णालय गाठा.