आठवलेली ओळ चांगलीच असते का?

वाचकाची प्रतिक्रिया: "कविता बाजूला ठेवा, काही दिवसांनी न बघता लिहा आणि आठवेल तेवढंच ठेवा, ही तुमची पद्धत मला धोक्याची वाटते. लक्षात राहतं ते गुळगुळीत आणि घासलेलं. अवघड, नवी ओळ आधी विसरली जाते. अशानं चांगल्या कवितेचं सुभाषित होईल."

उत्तर:

तुमच्या आक्षेपाला भक्कम आधार आहे. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं 1932 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्लंडमधल्या वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा दिली आणि नंतर ती आठवणीतून लिहायला लावली. कथेतल्या 'कनू' नावाच्या अरुंद नावा साध्या होड्या झाल्या, सीलची शिकार मासेमारी झाली. अनोळखी ते गळलं किंवा ओळखीचं होऊन परत आलं. कवितेतही हेच घडतं. म्हणून आठवली ती ओळ ठेवली, एवढ्यावर मी थांबत नाही. आठवलेली ओळ कशाच्या जोरावर टिकली, हे तपासावं लागतं.

माझ्याच एका कवितेचा कच्चा खर्डा देतो. घरामागची विहीर बुजवली, त्यावरची आहे.

> आज विहीर बुजवली
> ट्रॅक्टरनं मुरूम आणला, तीन खेपा
> रहाट काढून गोठ्यात ठेवला
> त्याची कुरकुर अजून कानात घुमते
> पाण्याला कुणी सांगितलं नव्हतं
> ते खालून येतच राहिलं
> आठवणींचा झरा कधी आटत नाही

काही आठवड्यांनी, वही न उघडता, कागदावर आलं ते असं:

> विहीर बुजवली
> मुरूम, तीन खेपा
> (इथे लाकडाचं काहीतरी)
> पाण्याला कुणी सांगितलं नाही
> ते येतच राहिलं
> आठवणींचा झरा आटत नाही

शेवटची ओळ जवळजवळ जशीच्या तशी आली. तुम्ही म्हणता तीच ही घासलेली ओळ. ती माझ्या कवितेमुळे आठवली नाही, भाषेत आधीपासून पडून होती म्हणून आठवली. हे ओळखायला मी एक चाचणी करतो. कविता न वाचलेल्या माणसाला आधीच्या ओळी दाखवायच्या आणि पुढची ओळ काय असेल ते विचारायचं. त्यानं झरा, आठवणी, आटणं यांतलं काही सांगितलं, तर ती ओळ टिकण्याला काही किंमत नाही. ती काढली. 'पाण्याला कुणी सांगितलं नाही' हे मात्र कुणाला सुचलं नाही, आणि तरी ते मला आठवलं. अशी ओळ मी ठेवतो. 'नव्हतं'चं 'नाही' झालं तेही तसंच राहू दिलं, कारण पाणी येणं अजून चालूच आहे.

आता तुमची खरी काळजी, म्हणजे विसरलेली चांगली ओळ. विसरणं दोन तऱ्हेचं असतं. 'कानात घुमते' ही ओळ मागमूस न ठेवता गेली. तिच्याविना काही अडलं नाही, मुळाशी ताडून पाहीपर्यंत ती गेल्याचं जाणवलंही नाही. रहाटाचं तसं नाही. शब्द गेले, पण जागा राहिली. मुरूम आणि पाणी यांच्यामध्ये काहीतरी होतं, लाकडाचं होतं, एवढं हाताला माहीत होतं. असं भोक पडलं की मी समजतो, वस्तू कवितेला हवी आहे, फक्त तिची ओळ कच्ची होती. ती जुन्या खर्ड्यातून परत आणायची नाही, नव्यानं लिहायची:

> विहीर बुजवली
> मुरूम, तीन खेपा
> रहाट गोठ्यात, दोर अजून ओला
> पाण्याला कुणी सांगितलं नाही
> ते येतच राहिलं

म्हणून लिहिताना अडलेली जागा कधीही जोडून घेऊ नका. कंसात जे धूसर आठवतंय तेवढंच लिहा. तिथे घाईनं ओळ बसवली की भोक दिसेनासं होतं आणि तुम्हाला भीती वाटते तसं सुभाषित तयार होतं.

अंतराबद्दलही सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी लिहिलंत तर खर्डा अजून कानात असतो, सगळंच येतं. आणि वरचेवर लिहिलंत तर मूळ कविता आठवत नाही, आपलंच मागचं पुनर्लेखन आठवतं. बार्टलेटलाही दिसलं होतं की वारंवार सांगितलेली गोष्ट लवकरच एका ठरावीक साच्यात थिजते. त्यामुळे मधल्या काळात कविता कुणाला म्हणून दाखवू नये, आणि आधीचं पुनर्लेखनही मूळ खर्ड्याबरोबरच बंद करून ठेवावं. पहिली आणि शेवटची ओळ केवळ जागेमुळे लक्षात राहते, म्हणून मी पुष्कळदा मधूनच लिहायला लागतो.

तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे तो छंदोबद्ध कवितेत. ओवी, अभंग, गझल यांत यमक आणि लय ओळीला उचलून आणतात, मग ती भरतीची का असेना. तिथे ओळ टिकली यावरून तिच्या दर्जाबद्दल काहीच कळत नाही. गझलेवर मी ही पद्धत वापरत नाही. अभंगाच्या बाबतीत फार तर आशय गद्यात आठवून लिहितो आणि कुठला चरण गद्यात उतरलाच नाही ते बघतो. तो बहुतेकदा यमकासाठी आलेला असतो.