कापराची पुरचुंडी हुंगा म्हणे!

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज. कापूर, ओवा, लवंग, निलगिरीचे दोन थेंब, सुती फडक्यात पुरचुंडी बांधा आणि दिवसभर हुंगा. तीन दिवसांत वास परत, खात्रीशीर, पुढे पाठवा. आणि हे कुणाला, तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना. त्यांनी बिचाऱ्यांनी एवढंच विचारलं होतं की सर्दी जाऊन सात आठवडे झाले, नाक मोकळं आहे, पण लसूण करपली तरी धूर दिसल्याशिवाय कळत नाही, काय करू? त्यावर ही पुरचुंडी. तिला अकरा अंगठे, दोन नमस्कार आणि एक हलणारा गुलाब. तासाभराने काकूंचं उत्तर: "हुंगून पाहिली. वास आला!"

नाही आला हो काकू. झोंबलं!

वास कळवणारी नस नाकाच्या अगदी छताशी असते. झोंबणं, थंडावा, तिखटाचा ठसका कळवणारी नस निराळी, चेहऱ्याला स्पर्श कळवते तीच. कापूर, मेन्थॉल, बाम, अमोनिया हे सगळे या दुसऱ्या नसेला डिवचतात. म्हणून ज्याला वास शून्य येतो त्यालाही कापूर नाकाखाली धरला की काहीतरी कळतंच. वास गेल्याचं नुसतं नाटक करणारा माणूस अमोनियासुद्धा कळत नाही म्हणतो, आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना शंका येते ती तिथेच. बामाचंही तसंच. त्याने नाक मोकळं होत नाही, मोकळं झाल्यासारखं वाटतं. आणि घरात लहान मूल असेल तर ती पुरचुंडी त्याच्या हाती लागू देऊ नका. थोडासा कापूर पोटात गेला तरी झटके येतात. हे मात्र कुणी पुढे पाठवत नाही.

तपासायचंच असेल तर न झोंबणारी वस्तू घ्या: कॉफीची पूड, गुलाबपाणी, व्हॅनिला इसेन्स. डोळे मिटा, एक नाकपुडी दाबा, बरणी दुसऱ्या कुणीतरी समोर धरू दे, मग दुसरी नाकपुडी. स्वतः बरणी उघडली तर मेंदू आठवणीतला वास पुरवतो आणि आपण खूश.

आता "तोंडाची चव गेली" म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या गिळणारी मंडळी. जिभेवर साखर, मीठ, लिंबू वेगवेगळं ठेवून बघा. तिन्ही कळतात ना? मग जीभ धडधाकट आहे. जीभ गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी एवढंच ओळखते. आमटीला आमटीपण देणारा वास घास चावताना घशामागून वर नाकात चढतो. तोच बंद आहे, म्हणून सगळं मिळमिळीत लागतं. आणि मग काय, मीठ वाढवा! घरात दोघांना बीपी, तरी वाढवा!

पण सर्वात जुना राग त्या थेंबांवर. नाक चोंदलं की केमिस्ट झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनची बाटली काढून देतो. चार-पाच दिवस ठीक. दोन-दोन महिने घातले तर थेंबांचा असर उतरला की आतलं अस्तर आणखी सुजतं, म्हणून पुन्हा थेंब, आणि तेच चक्र. शिवाय काकूंचं नाक मोकळं आहे, तिथे थेंब उघडणार काय? सर्दीत आधी वास जातो तो सुजेमुळे, हवा छतापर्यंत पोचत नाही म्हणून. तो नाक सुटलं की आठवडा-दोन आठवड्यांत परततो. नाक सुटूनही परतला नाही तर व्हायरसने वरच्या अस्तरातल्या पेशींनाच धक्का दिलाय. त्या पुन्हा उगवतात, पण महिन्यांच्या हिशेबाने, आणि सगळ्यांच्या पूर्ण उगवतीलच असं नाही.

हे असंच सविस्तर ग्रुपवर टाकलं की एक अंगठा मिळतो, तोही चुकून दाबलेला. पुरचुंडीला अकरा. थोडक्यात लिहायला शिकायला हवं, हे वीस वर्षं ऐकतोय. चला, पुढे.

या दुखापतीवर त्यातल्या त्यात पुरावा असलेला उपाय म्हणजे वासाचा सराव. 2009 मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी तो मांडला: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. चार झाकणाच्या लहान बरण्या, प्रत्येकीत कापसाच्या बोळ्यावर त्या-त्या तेलाचे काही थेंब. सकाळी न्याहारीआधी आणि रात्री झोपताना प्रत्येक बरणी वीसेक सेकंद हलके हलके हुंगायची, मध्ये थोडं थांबायचं आणि तो वास कसा होता ते मनात आठवायचं. खसाखसा ओढायचं नाही. निलगिरी झोंबते, तेव्हा प्रगती तिच्यावरून मोजू नका. किमान बारा आठवडे. चौथ्या दिवशी "काही होत नाही" म्हणून बरण्या कपाटात टाकायच्या असतील तर तेलं विकत घेऊच नका.

आणि मध्येच कॉफी, कांदा-लसूण, तळण यांना जळकट, कुजका वास यायला लागला तर घाबरून सराव सोडू नका. नव्या पेशींच्या जोडण्या अजून नीट बसलेल्या नसतात. कंटाळवाणं आहे, पण बहुतेकदा नस जागी होत असल्याची खूण असते.

आता डॉक्टर. सर्दी जाऊन चार आठवडे झाले आणि वास नाही, की कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं. काकूंचे सात झालेत. तिथे दुर्बिणीने नाकात पाहतात: पॉलिप आहे का, जुनं सायनस आहे का, वरची फट सुजली आहे का. तसं काही निघालं तर स्टेरॉइडचा स्प्रे खरंच कामाचा. पण शेजाऱ्याच्या उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका, मधुमेह असेल तर मुळीच नाही. जस्ताचं काहीही नाकात घालू नका. अशा औषधांनी वास कायमचा जाऊ शकतो, म्हणून अमेरिकेच्या एफडीएने 2009 मध्येच इशारा दिलाय.

चार आठवडेही थांबायचं नाही अशी लक्षणं: एकाच बाजूने नाक बंद किंवा रक्त, डोळ्याभोवती सूज किंवा दोन-दोन दिसणं, डोक्याला मार लागल्यावर गेलेला वास, एका नाकपुडीतून पाण्यासारखं गळणं, आणि सर्दी नसतानाच गेलेला वास. मधुमेह्याच्या नाकात काळी खपली आणि गाल दुखत असेल तर त्याच दिवशी. 2021 मध्ये म्युकर पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

तोवर गॅस. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचं रसायन घालतात, आणि काकूंना नेमका तोच कळणार नाही. डिटेक्टर बसवा. पण तो छताला चिमणीशेजारी लावून मोकळे होऊ नका! सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून डिटेक्टर जमिनीपासून वीतभर वर. पाइपचा गॅस असेल तर उलट, तो हलका, तिथे डिटेक्टर वर, छताजवळ. आणि दूध हुंगून बघू नका काकू, वाटीभर उकळून बघा. नासलेलं असेल तर फाटेल.