सीड तोच, तरी चाळीचा जिना का हलला?

«प्रॉम्प्ट तोच, मॉडेल तेच, तरी दर वेळी चित्र वेगळं येतं. सगळा नशिबाचा खेळ आहे. सीड लॉक करूनही चित्र परत मिळत नाही. स्टाइल हवी तशी येत नसेल तर गाइडन्स वाढवत न्या, मॉडेल ऐकतं.»

एआयने चित्रं काढणाऱ्या आमच्या मुंबईतल्या चित्रकारांच्या ग्रुपवर हा मेसेज तिसऱ्यांदा फिरून आला. नवी मुलं तो वाचून सेटिंग्ज बघायचंच सोडून देतात, म्हणून सविस्तर लिहितोय. उदाहरण माझ्याच कामातलं आहे: दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, गिरगावातल्या चाळीची गॅलरी, जलरंगात. मॉडेल स्टेबल डिफ्युजन 1.5.

आधी नशिबाबद्दल. चित्राची सुरुवात प्रॉम्प्टपासून होत नाही, ती नॉइजपासून, म्हणजे यादृच्छिक ठिपक्यांच्या गोंधळापासून होते. 512×768 चं चित्र मॉडेलच्या आत 64×96 च्या जाळीवर, चार थरांत तयार होतं. म्हणजे सुरुवातीला 24,576 यादृच्छिक आकडे असतात आणि ते कोणते, हे सीड नावाचा एक आकडा ठरवतो. मॉडेल हा नॉइज स्टेप-स्टेपने काढत जातं. पहिल्या काही स्टेप्समध्येच उजेड कुठे, अंधार कुठे, जिना डावीकडे की उजवीकडे हे ठरून जातं. पुढच्या स्टेप्स त्यावर तपशील चढवतात. ‘जलरंगातली चाळ’ या शब्दांत हजारो चित्रं बसतात, त्यातलं कोणतं निघेल हे या पहिल्या आकड्यांवर अवलंबून असतं. सीडच्या जागी -1 असेल तर दर वेळी नवे आकडे येतात. चित्र वेगळं येतं ते यामुळे.

आता सीड लॉक करण्याबद्दल, कारण खरा घोळ इथेच होतो. माझं मंजूर झालेलं चित्र असं होतं: सीड 4127, सॅम्पलर म्हणजे नॉइज काढण्याची पद्धत `Euler a`, 25 स्टेप्स, गाइडन्स 7. संपादक म्हणाले, «छान आहे, फक्त कठड्याचं काम जरा बारीक हवं.» मी स्टेप्स 40 केल्या, बाकी कशाला हात लावला नाही. जिना उजवीकडून डावीकडे गेला आणि वाळत घातलेल्या साड्या गायब झाल्या. `Euler a` मधला a म्हणजे ॲन्सेस्ट्रल. असा सॅम्पलर प्रत्येक स्टेपला गरजेपेक्षा जास्त नॉइज काढतो आणि थोडा ताजा नॉइज परत मिसळतो. हा ताजा नॉइजही सीडमधूनच निघतो, त्यामुळे 25 स्टेप्सना तेच चित्र पुन्हा हमखास मिळतं. पण स्टेप्स बदलल्या की किती नॉइज कुठे मिसळायचा हे सगळंच बदलतं. `DPM++ 2M Karras` मध्ये अशी मिसळ नसते. त्यात 25 च्या 40 केल्या तर बहुतेक वेळा रचना टिकते, फरक तपशिलात पडतो. म्हणून पुढे दुरुस्त्या येणार हे माहीत असेल, तर मी सुरुवातच त्याने करतो. मधेच सॅम्पलर बदलला तर मंजूर चित्र हातचं जातं.

दुसरी चूक छपाईच्या वेळी होते. मोठं चित्र हवं म्हणून कुणी तोच सीड ठेवून 1024×1536 टाकतं. जाळी आता 128×192 ची झाली, म्हणजे सुरुवातीचे आकडेच वेगळ्या मांडणीत गेले. चित्र नवं येतं, आणि 1.5 वर बऱ्याचदा एकावर एक दोन चाळी उभ्या राहतात. मूळ मापातच चित्र काढावं, मग ते मोठं करून `img2img` मधून, म्हणजे तयार चित्रावरूनच पुन्हा चित्र काढायच्या सोयीतून फिरवावं. त्यात मूळ चित्र किती बदलायचं हे ठरवणारं `Denoising strength` 0.3 च्या आसपास ठेवावं.

तिसरा मुद्दा गाइडन्सचा, म्हणजे चित्राला प्रॉम्प्टकडे किती जोरात ओढायचं त्या आकड्याचा. मॉडेल प्रत्येक स्टेपला दोन अंदाज करतं, एक प्रॉम्प्ट धरून आणि एक न धरता. मग त्यांतला फरक गाइडन्सच्या आकड्याने, म्हणजे खालच्या `scale` ने, गुणून पुढे ढकलतं:

```
noise = uncond + scale * (cond - uncond)
```

फरक जास्त ताणला की रंग भडक होतात, काळोख गडद होतो, कडा कापल्यासारख्या दिसतात. जलरंगाचा जीव कागदाच्या पांढऱ्यात आणि फिकट ओघळात असतो, आणि तोच आधी जातो. माझ्या चाळीची भिंत 7 वर ओल्या गेरूसारखी होती, 15 वर ऑइलपेंट मारल्यासारखी दिसू लागली. 5 वर आणली तेव्हा कागद पुन्हा दिसला. कमी आकड्यावर प्रॉम्प्टमधले काही तपशील सुटतात, तेवढी किंमत मोजावी लागते.

राहिली एक खरी अडचण: सगळं तेच ठेवूनही दुसऱ्या मशीनवर चित्र वेगळं येऊ शकतं. नॉइज ग्राफिक्स कार्डवर तयार होत असेल तर एकाच सीडमधून वेगळ्या हार्डवेअरवर वेगळे आकडे निघू शकतात. कोडमधून काम करत असाल तर नॉइज सीपीयूवर काढा:

```python
g = torch.Generator("cpu").manual_seed(4127)
img = pipe(prompt, generator=g).images[0]
```

तोच `g` दुसऱ्यांदा वापरलात तर तो पुढचे आकडे देतो आणि चित्र बदलतं, म्हणून प्रत्येक चित्राआधी `manual_seed` पुन्हा द्या. एवढं करूनही दोन कार्डांवर पिक्सेलचा बारीक फरक राहू शकतो, पण जिना जागचा हलत नाही.